वक्री बुध आणि दोन बिघाड

19 जुलै 2024 या दिवशी जगभरातील विमानतळांवरचे, बँकांमधले आणि रुग्णालयांमधले संगणक एकापाठोपाठ एक निळे पडदे दाखवून बंद पडले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अद्ययावत फाइलमुळे हे घडले होते, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख संगणकांना त्याचा फटका बसला. काही तासांतच समाजमाध्यमांवर एक स्पष्टीकरण फिरू लागले, ते म्हणजे बुध वक्री आहे, कारण त्या काळात यंत्रे आणि संदेशवहन बिघडते असे इशारे फलज्योतिषी देत असतात. आकाशाचे गणित मात्र वेगळे सांगत होते. त्या दिवशी बुध सरळ गतीने चालला होता आणि तो वक्री होण्यास अजून सतरा दिवस अवकाश होता.

या तपशिलाकडे लक्ष वेधल्यावर जे उत्तर मिळाले, ते जाणून घेण्यासारखे आहे. त्यासाठी आधी वक्री होणे म्हणजे नेमके काय, हे पाहावे लागेल.

कोणताही ग्रह आपल्या कक्षेत थांबत नाही आणि उलट दिशेने फिरतही नाही. बुध सूर्याभोवतीची एक फेरी सुमारे 88 दिवसांत पूर्ण करतो, तर पृथ्वीला त्यासाठी एक वर्ष लागते. वर्तुळाकार मैदानाबाहेर उभे राहून आत धावणाऱ्या घोड्याकडे पाहिले, तर पलीकडच्या बाजूला असताना तो डावीकडून उजवीकडे जाताना दिसतो आणि आपल्या बाजूला आल्यावर उजवीकडून डावीकडे जातो, जरी त्याच्या धावण्याची दिशा मुळीच बदललेली नसली तरी. बुधाचेही असेच आहे. तो पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधून पुढे निघून जातो, त्या सुमारास ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर त्याची हालचाल उलटी दिसते. हालचाल उलटण्याच्या आधी आणि पुन्हा सरळ होण्याच्या वेळी तो क्षणभर थबकल्यासारखा भासतो, त्याला स्तंभी म्हणतात, आणि पुन्हा सरळ चालू लागला की तो मार्गी झाला असे म्हणतात.

या देखाव्याचे गणित नवे नाही. सूर्यसिद्धान्त या प्राचीन भारतीय खगोलग्रंथात ग्रहांच्या गतीचे आठ प्रकार सांगितले आहेत, आणि बुधाचे शीघ्रकेंद्र हा गणितातला कोन 144 अंशांवर पोहोचला की तो वक्री होतो असा नेमका आकडाही दिला आहे. म्हणजे ज्यांनी ही घटना बारकाईने मोजली, त्यांना ती अनपेक्षित वाटण्याचे कारण नव्हते, कारण तिची तारीख आधीच काढता येत होती. एखाद्याला ती डोळ्यांनी पडताळायची असेल, तर बुध सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो ते अधिक्रमण नेहमी वक्री काळाच्या मध्याच्या आसपासच घडते. 11 नोव्हेंबर 2019 चे अधिक्रमण 31 ऑक्टोबर ते 20 नोव्हेंबर या वक्री काळात आले होते, आणि पुढचे 13 नोव्हेंबर 2032 रोजी आहे.

आता वारंवारतेकडे वळू. बुध आणि पृथ्वी यांची अशी गाठ सुमारे 116 दिवसांनी पडते, त्यामुळे वर्षातून सहसा तीन वेळा बुध वक्री होतो. प्रत्येक वेळी हा काळ साधारण वीस ते चोवीस दिवसांचा असतो. बुधाची कक्षा बरीच लंबवर्तुळाकार असल्यामुळे तो कमीजास्त होतो. तीन चक्रांचे 348 दिवस होतात आणि वर्ष 365 दिवसांचे असते, म्हणून या तारखा दर वर्षी सुमारे सतरा दिवस अलीकडे सरकतात. जागतिक प्रमाणवेळेनुसार 2026 मध्ये हे काळ 26 फेब्रुवारी ते 20 मार्च, 29 जून ते 23 जुलै आणि 24 ऑक्टोबर ते 13 नोव्हेंबर असे येतात.

या आकड्यांतून निघणारी एक गोष्ट इशारे देणारे सहसा सांगत नाहीत. 116 पैकी सुमारे 22 दिवस वक्री असतील, तर कोणत्याही यादृच्छिक दिवशी बुध वक्री असण्याची शक्यता सुमारे एकोणीस टक्के, म्हणजे जवळजवळ पाचात एक आहे. हरवलेले सामान, रद्द झालेले विमान, चुकीच्या पत्त्यावर गेलेला संदेश, बिघडलेला फोन, फिसकटलेला करार आणि जुन्या प्रेमपात्राचा अचानक आलेला संदेश, या सर्वांचा दोष वक्री बुधाला दिला जातो. यांपैकी प्रत्येक गोष्ट वर्षभर घडत असते, आणि काहीही कारण नसताना त्यांतील पाचवा हिस्सा वक्री काळात पडणारच.

पुन्हा 19 जुलैकडे जाऊ. बुध वक्री नव्हता हे दाखवून दिल्यावर उत्तर असे आले की तो छायाकाळात होता. आधुनिक पाश्चात्त्य फलज्योतिषात ही संकल्पना रूढ आहे. ज्या अंशापर्यंत बुध मागे येणार आहे, तो अंश त्याने सरळ जाताना पहिल्यांदा ओलांडला की छाया सुरू होते, आणि वक्री होताना तो ज्या अंशावर होता, तेथे पुन्हा पोहोचला की ती संपते. 2024 मध्ये वक्री काळ 5 ते 28 ऑगस्ट असा होता, तर त्याची छाया 16 जुलैपासून 11 सप्टेंबरपर्यंत पसरली होती. हे सुमारे 58 दिवस झाले. 116 दिवसांच्या चक्रात 58 दिवस म्हणजे बरोबर अर्धे. छाया धरली की पाचात एक असलेली शक्यता दोनात एक होते, आणि ज्या दाव्याला निम्मे वर्ष अनुकूल आहे त्याला अपयश येणे कठीणच. घटना घडून गेल्यावर चौकट रुंदावण्याची ही पद्धत दाव्याला बळकटी देत नाही, उलट तो तपासता येण्याच्या पलीकडे नेते.

वक्री काळात खरोखरच पडलेला एक मोठा बिघाड शेजारी ठेवून पाहू. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले. त्या वेळी बुध वक्री होता; तो काळ 27 सप्टेंबर ते 18 ऑक्टोबर असा होता. संदेशवहनाचा कारक मानलेला ग्रह आणि संदेशवहन करणारी कंपनी, यापेक्षा नेमका योग शोधून सापडणार नाही. मात्र कारण काय निघाले? कंपनीच्या माहितीकेंद्रांना जोडणाऱ्या जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी नेहमीच्या देखभालीत एक आज्ञा दिली गेली, आणि तिने सर्व जोडण्या तोडल्या. अशा धोकादायक आज्ञा अडवण्यासाठी एक तपासणी साधन होते, परंतु त्याच साधनातील दोषामुळे ती आज्ञा अडली नाही. त्यानंतर संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या कंपनीच्या नावपत्ता सेवकांनी आपले मार्ग इंटरनेटवर जाहीर करणे थांबवले, आणि कंपनीच जगाच्या नकाशावरून पुसल्यासारखी झाली.

क्राउडस्ट्राइकच्या बाबतीत एका नव्या साच्यात माहितीची एकवीस क्षेत्रे अपेक्षित होती, पण संगणकावरील प्रणाली वीसच पुरवत होती. एकविसावे क्षेत्र वाचायला गेलेली प्रणाली स्मृतीच्या हद्दीबाहेर पोहोचली आणि संगणक कोसळला. ही विसंगती पकडणारी तपासणीही होती, पण तिच्यात दोष होता. सदोष फाइल 78 मिनिटांत मागे घेतली गेली, तरी तोवर कोसळलेले संगणक दुरुस्त करायला अनेक ठिकाणी माणसाला प्रत्येक यंत्रासमोर जाऊन बसावे लागले.

दोन्ही प्रकरणांचा गाभा एकच आहे: चूक अडवण्यासाठी ठेवलेला पहारेकरीच झोपला होता, आणि बदल एकाच वेळी सर्वत्र पोहोचला. एकात बुध वक्री होता, दुसऱ्यात नव्हता, आणि या फरकाने दोषाच्या स्वरूपात काहीही फरक पडला नाही. दुरुस्तीची गरजही दोन्हीकडे तपासणी साधनांत आणि बदल पसरवण्याच्या पद्धतीत होती.

पारंपरिक भारतीय फलज्योतिष पाहिले तर चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. ग्रहाचे बळ मोजणाऱ्या षड्बलाच्या गणनेत वक्री ग्रहाला पूर्ण चेष्टाबल, म्हणजे गतीचे बळ, दिले जाते, म्हणजे तो दुबळा नव्हे तर बलवान मानला जातो. शिवाय वक्री होण्याच्या तारखा राशी वसंतसंपातापासून मोजणारी सायन आणि ताऱ्यांच्या स्थिर पार्श्वभूमीवर मोजणारी निरयन या दोन्ही पद्धतींत सारख्याच येतात, पण राशी मात्र जुळत नाहीत: ऑगस्ट 2024 मध्ये वक्री होताना सायन गणनेने बुध कन्येत होता आणि निरयन गणनेने सिंहेत. तेव्हा राशीनुसार दिलेले इशारे वाचताना कोणती पद्धत वापरली आहे, एवढे तरी विचारावे. बहुतेक वेळा ते लिहिलेलेच नसते.

एखाद्याला हा दावा स्वतः तपासायचा असेल, तर तारखेकडे न पाहता, आधी ठरवलेल्या निकषावर घटनांची यादी करावी. उदाहरणार्थ, कामाच्या ठिकाणच्या बिघाडांच्या नोंदवहीतील लागोपाठच्या शंभर नोंदी घ्याव्यात, आणि त्यांतील एकही वगळू नये. त्यांपैकी वक्री काळात किती पडल्या ते मोजावे. केवळ योगायोगाने सुमारे एकोणीस अपेक्षित आहेत, आणि बारा ते सव्वीस यांच्या दरम्यानचा आकडा आला तर त्यात नवल नाही. यापेक्षा बराच मोठा आकडा आला, तर दुसऱ्या शंभर नोंदी घेऊन पुन्हा मोजावे. छायाकाळ धरायचा असेल तर तो मोजणीच्या आधी धरावा, आणि मग अपेक्षा एकोणीसची नव्हे, पन्नासची ठेवावी.

इशाऱ्यांमधला सल्ला मात्र सरसकट टाकाऊ नसतो. माहितीची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा, करार सही करण्यापूर्वी पुन्हा वाचा, प्रवासाची वेळ आदल्या दिवशी खात्री करून घ्या, हे सांगणे योग्यच आहे. फक्त ते वर्षातल्या 66 दिवसांपुरते पाळून उरलेले 299 दिवस सोडून देण्यात अर्थ नाही. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीने नवा फोन पंधरा दिवसांनी घ्यावा असे म्हटले आणि जुना फोन चालत असेल, तर वाद न घालता थांबायला हरकत नाही, कारण थांबण्याची किंमत जवळजवळ शून्य आहे. पण डॉक्टरांनी ठरवलेली शस्त्रक्रिया, नोकरीच्या होकाराची अंतिम मुदत किंवा न्यायालयातील अर्जाची तारीख यांना तीन आठवडे पुढे ढकलण्याची किंमत खरी असते आणि ती थांबणाऱ्यालाच मोजावी लागते. वक्री काळ संपेपर्यंत थांबा आणि तोवर हा उपाय विकत घ्या, असे कोणी म्हणत असेल, तर उपायाची रक्कम आणि थांबण्याचा खर्च कागदावर शेजारीशेजारी लिहून मगच उत्तर द्यावे.