रोबो व्हॅक्युमचा फोटो पाठवताय? आधी तो उलटा करा!

नमस्कार मंडळी! आज विषय मी निवडलेला नाही, तुम्ही निवडलाय. इनबॉक्स उघडला की एकच फोटो असतो. पांढरी गोल तबकडी, वरून काढलेली, आणि खाली लिहिलेलं, "दादा, याचा फिल्टर कुठला?" एका भाऊंनी तर लिहिलंय, "फोटो धाडलंय, आता ब्रश खयचो घेऊ ता सांग." भाऊ, सांगतो. पण त्या फोटोवरून नाही सांगू शकत.

कोकणात हा प्रश्न इतका का येतो, तेही कळलंय मला. मुंबईला नवीन यंत्र आलं की जुनं गावच्या घरी पाठवलं जातं. नाहीतर कोणाचा तरी भाऊ आखातातून येताना घेऊन येतो. बॉक्स नाही, बिल नाही, पुस्तिका नाही. मग वाळू आणि जांभ्याची लाल धूळ ओढून ओढून फिल्टर तुंबतो आणि शोध सुरू होतो.

मूळ गोष्टी पटापट. यंत्र बंद करा, बटण दाबून पूर्ण बंद, नाहीतर उलटं धरल्यावर ब्रश हातात फिरेल. उलटं करून जुन्या टॉवेलवर ठेवा. पोटावर पांढरा किंवा चंदेरी स्टिकर असतो. तो नसेल तर धुळीचा डबा काढून त्या खाचेत बघा, काही कंपन्या तिथे चिकटवतात. स्टिकरवर "Model" शब्दापुढे जे लिहिलंय, ते आपल्याला हवं. सिरीयल नंबर नको, व्होल्टेज नको.

आता खरा मुद्दा. कंपनीचं नाव आणि वरचं रूप, यावरून सुटा भाग ठरत नाही. उदाहरण शाओमीचंच घ्या. झाकणावर "एमआय" लिहिलेली पांढरी गोल यंत्रं तुम्ही पाहिली असतील. 2016 सालचं पहिलं मॉडेल रोबोरॉकने बनवलेलं. नंतरचं व्हॅक्युम-मॉप पी व्हायोमीने, आणि व्हॅक्युम-मॉप वन-सी ड्रीमीने. नाव एक, कारखाने तीन. एकाचा फिल्टर दुसऱ्यात बसत नाही. तुम्ही वरून फोटो काढता तेव्हा मला दिसतं ते फक्त नाव.



गेल्या महिन्यातली केस सांगतो. देवगडकडच्या एक ताई, घरगुती होमस्टे चालवतात, यंत्र दुबईहून आलेलं. पहिला फोटो अर्थातच वरून. मी म्हटलं, ताई, खालचा पाठवा. आला चार्जिंगच्या डॉकचा खालचा फोटो! डॉकला स्वतःचा वेगळा मॉडेल नंबर असतो हो. अडॅप्टरलाही असतो, बॅटरीलाही असतो, आणि तीच बॅटरी चार-पाच वेगवेगळ्या यंत्रांत सापडते. हे नंबर घेऊन फिल्टर शोधू नका. यंत्राच्या पोटावरचाच नंबर हवा.

तिसऱ्या फोटोत स्टिकर मिळाला, पण अर्धा पुसलेला. मॉपचं पाणी आणि ओल्या फडक्याने पोट पुसायची सवय, दोन पावसाळ्यांत अक्षरं उडतात. फ्लॅशने काढलेल्या फोटोत नुसती चमक दिसत होती. त्यांना म्हटलं, फ्लॅश बंद करा, खिडकीशी या आणि मोबाईलच्या टॉर्चचा उजेड एका बाजूने, आडवा पाडा. तसं केल्यावर सुरुवातीचं STYTJ वाचता आलं, मधला आकडा गेलेला, शेवटी ZHM.

इथेच माणसं फसतात. दोन कोड बघा:

```
STYTJ01ZHM
STYTJ02YM
```

पहिला वन-सी, ड्रीमीचा. दुसरा पी, व्हायोमीचा. सुरुवातीची पाच अक्षरं तीच, पुढचा आकडा आणि शेवटची अक्षरं एवढ्यावर अख्खं यंत्र बदलतं. ताईंकडे शेवटी ZHM होतं, म्हणजे या दोनांतला पहिला. खात्री करायला मी त्यांचा पहिला, वरचा फोटो परत उघडला. हो, तोच, ज्याच्यावर मी चिडलो होतो. पी मॉडेलच्या डोक्यावर लेसरचा गोल उंचवटा असतो. वन-सीला तो नाही, वर कॅमेऱ्याची काच असते. ताईंच्या यंत्राचं डोकं सपाट. दोन्ही खुणा जुळल्या. वरच्या फोटोचा उपयोग एवढाच, कोड वाचल्यावर पडताळायला. आणि ताईंनी कार्टमध्ये काय टाकून ठेवलं होतं? "एमआय व्हॅक्युम मॉप" शोधल्यावर पहिला आलेला सेट, तो पीचा.

आता कोणीतरी लिहिणारच, "स्टिकर पूर्ण गेलाय, मग?" मग मुंबईतल्या ज्याच्या फोनला ते जोडलेलं होतं त्याला विचारा, ॲपमध्ये नाव दिसतं. तेही नसेल तर सुटे भाग बाहेर काढा. फिल्टर, मुख्य ब्रश, बाजूचा ब्रश वर्तमानपत्रावर ठेवा, शेजारी शाळेची पट्टी. फोन बरोबर वरून धरा, जरा उंचावरून, आणि झूम करा. जवळून तिरका फोटो काढला तर कॅमेऱ्याकडची कड मोठी दिसते आणि माप चुकतं. ब्रशची दोन्ही टोकं दिसू द्या. मोटरकडचं टोक चौकोनी का षटकोनी, यावर ब्रश बसणार की नाही ते ठरतं, केसांच्या रंगावर नाही. बाजूचा ब्रश स्क्रूने बसतो का नुसता दाबून, तेही लिहा.

फोटो टाकून शोधणारेही बरेच आहेत. शोधा, पण तो शोध दिसायला सारखं काय ते आणून देतो. अहो, दिसायला सगळे चौकोनी फिल्टर सारखेच! म्हणून परत सांगतो, कोड. विक्रेत्याच्या पानावर "यासाठी चालेल" अशी यादी असते, तिच्यात तुमचा कोड अक्षर न अक्षर शोधा. यादीत फक्त कंपनीचं नाव असेल तर ते पान बंद करा.

उभा व्हॅक्युम असेल तर स्टिकर बहुतेक मागे किंवा तळाशी असतो. पिशवीवाला असेल तर भरलेली पिशवी फेकू नका. तिच्या तोंडाचा पुठ्ठा फोटोत हवा: भोक किती मिलिमीटरचं, पुठ्ठ्याच्या खाचा कुठे. कापड कसंही असू दे, पुठ्ठा जुळला पाहिजे.

फिल्टर आल्यावर बसतो म्हणून खूश होऊ नका. दोन-तीन खोल्या झाडून घ्या आणि डबा उघडा. फिल्टरच्या मागच्या, स्वच्छ बाजूला बारीक लाल पावडर दिसली तर कडेने फट आहे, फिल्टर चुकीचा आहे. टेप लावून चालवू नका, ती धूळ पंख्यात जाते. परत पाठवा.

आणि "धुवायचा का" हा प्रश्न. फिल्टरवर धुण्यायोग्य असं लिहिलं असेल तरच, नुसत्या पाण्याने, ब्रश न घासता. नंतर किमान 24 तास वाळवा. जुलैत आपल्याकडे 24 तासांत काय वाळतं ते तुम्हाला माहीत आहे. ओला बसवलात तर बुरशी धरते आणि घरभर कुबट वास. त्यामुळे कोड एकदा सापडला की दोन फिल्टर मागवा, आणि गणपतीच्या आधी मागवा, मग कुरियर रखडतं.