दहा पेट्यांची वाढ आणि थंडावलेला प्लांट
(ठाण्यातल्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बुलव्हिप इफेक्टची व्याख्या तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलीच असेल: गिऱ्हाइकाची मागणी थोडी हलते आणि साखळीत जसजसं मागे जावं तसतशी ऑर्डर जास्त हलते. व्याख्या बरोबर आहे, पण ती वाचून असं वाटतं की मध्ये कुणीतरी घाबरलं, कुणाचा तरी अंदाज चुकला. मला आज दाखवायचंय ते उलटं. साखळीतला प्रत्येक माणूस हिशोबाला पक्का असला तरी हे होतं. त्यासाठी फळ्यावर एकच उदाहरण सोडवू आणि बराच वेळ त्यातच राहू.

कोल्ड्रिंक घ्या. नौपाड्यातली काही दुकानं मिळून आठवड्याला 100 पेट्या विकतात. त्यांना माल देतो कोपरीतला डिस्ट्रिब्युटर. त्याला माल येतो कंपनीच्या भिवंडीच्या डेपोतून, आणि डेपोला बॉटलिंग प्लांटमधून. चार पायऱ्या. प्रत्येकाचा नियम एकच आणि अगदी शहाणपणाचा: या आठवड्यात जेवढं गेलं तेवढा माल शनिवारी रात्री शिल्लक हवा, म्हणजे पुढच्या आठवड्याची सोय झाली. टेम्पो दिवसाआड येतो, माल कुठे अडत नाही, असं धरू. खऱ्या आयुष्यात अडतो, पण ती भानगड नंतर. सगळं स्थिर असताना चौघांकडेही 100 पेट्या शिल्लक, चौघांची ऑर्डरही 100.

आता मार्चचा शेवट. ऊन तापलं आणि दुकानांतून 110 पेट्या गेल्या. दुकानदार काय करेल? विकलेल्या 110 भरून काढेल. शिवाय आता शिल्लक 100 नको, 110 हवी, म्हणून आणखी 10. ऑर्डर झाली 120.

कोपरीच्या डिस्ट्रिब्युटरला नौपाड्यातलं ऊन दिसत नाही. त्याला दिसते ऑर्डर, 120. त्याच्या लेखी मागणी 20 टक्क्यांनी वाढली. तो 120 भरून काढतो आणि शिल्लक 100 वरून 120 वर नेण्यासाठी 20 जादा मागवतो. ऑर्डर 140. भिवंडीचा डेपो 140 बघतो, शिल्लक 40 ने वाढवतो आणि प्लांटकडे 180 मागतो. प्लांट 180 पाठवतो, आपली शिल्लक 80 ने वाढवायची ठरवतो आणि त्या आठवड्यात 260 पेट्या भरतो.

गिऱ्हाईक प्यायलं 10 पेट्या जास्त. प्लांटने भरल्या 160 जास्त. चौघांपैकी एकाने तरी काही वेडेपणा केला का? मला तर दिसत नाही.

पण खरी गंमत पुढच्या आठवड्यात आहे, आणि बहुतेक वर्गांत ती राहून जाते. दुसऱ्या आठवड्यातही विक्री 110 च राहिली. घसरली नाही, वाढ टिकली. दुकानदाराची शिल्लक आता 110 आहेच, तो फक्त 110 मागवतो. डिस्ट्रिब्युटरला काय दिसलं? गेल्या आठवड्यात 120, या आठवड्यात 110. म्हणजे मागणी पडली! त्याला शिल्लक 120 वरून 110 वर आणायचीय, म्हणून तो 100 च मागवतो. डेपोला 140 नंतर 100 दिसतात. तो 40 ने शिल्लक कमी करतो, ऑर्डर 60. प्लांटकडे 180 पेट्या शिल्लक आहेत आणि मागणी आली 60 ची. त्या पाठवूनही 120 उरतात, हव्यात फक्त 60. प्लांट त्या आठवड्यात एकही पेटी भरत नाही.

म्हणजे दुकानात विक्री वाढलेली आहे, टिकलेली आहे, आणि प्लांटची लाइन बंद आहे. गेल्या आठवड्यात ओव्हरटाइम, या आठवड्यात कंत्राटी कामगार घरी. तिसऱ्या आठवड्यात प्लांट 120 भरतो, चौथ्यात 100, आणि पाचव्यात सगळे 110 वर येऊन थांबतात. कागदावर चार आठवड्यांत हे शांत झालं, कारण आपण विक्री एकदाच हलवली. ठाण्याच्या उन्हाळ्यात ती दर आठवड्याला हलते.

या वागण्याचं पहिलं नीट गणित एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी 1958 आणि 1961 च्या लिखाणात मांडलं. त्यांचा रोख साखळीच्या रचनेवर होता, माणसांच्या चुकांवर नव्हता. आज नाव घेतलं जातं ते हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये सांगितलेल्या चार कारणांचं. आपण आता सोडवलं ते त्यातलं पहिलं: पुढच्या पायरीची ऑर्डर म्हणजेच मागणी समजून तिच्यावर आपला अंदाज बांधणं.

मघाशी एकाने विचारलं, सर, माल पोचायला वेळ लागला तर? चांगला प्रश्न. वेळ जास्त लागतो तेव्हा माणूस एका आठवड्याऐवजी दोन आठवड्यांची शिल्लक ठेवतो. तेच गणित पुन्हा करा. विक्री 10 ने वाढली, तर दुकानदार शिल्लक 20 ने वाढवणार, ऑर्डर 130. डिस्ट्रिब्युटर 30 च्या वाढीवर 60 ने शिल्लक वाढवणार, 190. डेपो 370. आणि प्लांट 910. एका आठवड्याची शिल्लक होती तेव्हा हाच आकडा 260 होता. पुरवठ्याला लागणाऱ्या वेळेवर कंपन्या इतका जीव का टाकतात, ते या दोन आकड्यांवरून कळावं.

यात माणसाचा स्वभाव अजून आलेलाच नाही. तो आला की काय होतं ते एमआयटीच्याच जॉन स्टर्मन यांनी 1989 मध्ये बिअर गेमच्या, म्हणजे अशीच चार पायऱ्यांची साखळी खेळणाऱ्यांनी चालवून बघायच्या खेळाच्या, नोंदींतून दाखवलं. खेळणारे दिलेली पण अजून न पोचलेली ऑर्डर हिशोबात धरायला विसरतात. दुकानात हे रोज दिसतं. सोमवारी 20 पेट्या सांगितल्या, बुधवारी टेम्पो आला नाही, फ्रीज रिकामा दिसला की गुरुवारी सेल्समनला पुन्हा 20. शनिवारी चाळीसच्या चाळीस येऊन फुटपाथवर उतरतात.

दुसरं कारण मात्र विसराळूपणाचं नाही, हुशारीचं आहे. मे महिन्यात माल कमी पडतो तेव्हा डिस्ट्रिब्युटर प्रत्येकाला ऑर्डरच्या निम्माच देतो. हे दुकानदाराला दुसऱ्या खेपेलाच कळतं. मग ज्याला 20 हव्यात तो 40 सांगतो. सगळेच दुप्पट सांगायला लागले की डेपोत बसलेल्याला वाटतं, ठाण्यातली मागणी दुप्पट झाली. त्यावर प्लांटला जादा पाळी लावायची ठरते. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडतो, माल मुबलक होतो आणि त्या दुप्पट ऑर्डरी एका दुपारी हवेत विरतात. कारण त्या कधी खऱ्या नव्हत्याच. इथे उपाय सोपा आहे आणि फार कमी लोक तो पाळतात: तुटवड्यात माल वाटायचा तो ऑर्डरच्या प्रमाणात नाही, गेल्या काही महिन्यांच्या खऱ्या उचलीच्या प्रमाणात. खोटं सांगून काही मिळत नाही म्हटल्यावर कुणी खोटं सांगत नाही.

स्कीम आणि महिनाअखेरीचं टार्गेट तर तुम्हाला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात भेटेल. कंपनी डिस्ट्रिब्युटरला विकते ती प्रायमरी विक्री, डिस्ट्रिब्युटर दुकानाला विकतो ती सेकंडरी. विक्री अधिकाऱ्याचं टार्गेट प्रायमरीवर असेल तर 28 तारखेपासून डिस्ट्रिब्युटरकडे माल लोड करणं सुरू होतं: दहावर एक फ्री, घ्या अजून एक गाडी. महिन्याचे पहिले दहा दिवस ऑर्डरच येत नाही. गिऱ्हाईक बिचारं 1 तारखेलाही तेवढंच पितं आणि 30 तारखेलाही तेवढंच. माझ्या मते कोल्ड्रिंकच्या धंद्यातली निम्मी लाट कंपनीने स्वतःच्या टार्गेटच्या तक्त्यातून उठवलेली असते, आणि दोष मात्र फोरकास्टिंगवाल्यावर जातो.

हा माल पडून राहिला तर काय बिघडलं, असं वाटेल. कोल्ड्रिंकमध्ये बिघडतं. प्लास्टिकच्या बाटलीतून गॅस हळूहळू बाहेर जातो, आणि बाटली जितकी लहान तितका लवकर, कारण आतल्या पेयाच्या मानाने प्लास्टिकचा पृष्ठभाग जास्त असतो. म्हणून लहान बाटलीचा साठा दोन उन्हाळे चालत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमध्ये गेलात तर आकडे मागण्याआधी मागच्या भिंतीला लागलेल्या थप्पीतल्या बाटल्यांवरची भरल्याची तारीख वाचा. पुढे ताजा माल आणि मागे दोन-तीन महिन्यांचा जुना, असं दिसलं की कोणत्या महिनाअखेरीला गाडी घुसवली होती ते तारखेवरूनच कळतं.

आता उपाय म्हणून पुस्तकात एक वाक्य असतं: माहिती वाटून घ्या. घेऊया, आणि किती फरक पडतो ते मोजूया. समजा चौघांनाही दुकानातली विक्री, 110, थेट दिसते आणि चौघंही आपली शिल्लक 110 च ठेवायचं ठरवतात. दुकानदाराची ऑर्डर पूर्वीसारखीच 120. डिस्ट्रिब्युटर 120 भरून काढतो आणि शिल्लक फक्त 10 ने वाढवतो, 130. डेपो 140. प्लांट 150. दुसऱ्या आठवड्यात सगळे 110.

दोन गोष्टी बघा. एक, 260 चे 150 झाले आणि दुसऱ्या आठवड्यातला शून्य गेला. दुसरी, लाट पूर्ण गेली नाही. प्रत्येक पायरीला आपली शिल्लक 10 ने वाढवावीच लागते, त्यामुळे 10, 20, 30, 40, 50 अशी भर पडतच जाते. आधी वाढ प्रत्येक पायरीवर दुप्पट होत होती, आता फक्त 10 ची बेरीज होतेय. उरलेली बेरीज कमी करायची तर एखादी पायरीच काढावी लागेल. म्हणूनच मोठ्या खपाच्या भागात काही ठिकाणी माल डेपोत न उतरवता प्लांटमधून थेट डिस्ट्रिब्युटरकडे जातो.

शेवटी एक सावधगिरी. एप्रिलमध्ये ऑर्डर वाढली की लगेच बुलव्हिप म्हणू नका. उन्हाळा खरा असतो. आणि प्लांट जानेवारी-फेब्रुवारीपासून थोडा थोडा साठा करत असेल, तर त्याचं उत्पादन विक्रीपेक्षा कमी हलताना दिसेल. जेरार्ड कॅशॉन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये अमेरिकेतल्या उद्योगांचे आकडे तपासले, तेव्हा घाऊक व्यापारात ही लाट दिसली, पण किरकोळ विक्रीत आणि बहुतेक उत्पादन उद्योगांत ती सरसकट दिसली नाही. हंगामाचा चढउतार सपाट करण्याचं काम तिथे चाललेलं होतं. त्यामुळे इंटर्नशिपला जाल तेव्हा महिन्याचे आकडे मागू नका, त्यात महिनाअखेरीची गाडी झाकली जाते. आठवड्याचे मागा: डिस्ट्रिब्युटरची सेकंडरी एका रकान्यात, त्याने डेपोला दिलेली ऑर्डर दुसऱ्या रकान्यात. गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी ताडून हंगाम बाजूला काढा, मग दोन्ही रकान्यांचं व्हेरियन्स, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती हलतात त्याचं माप, काढा आणि ऑर्डरच्या व्हेरियन्सला विक्रीच्या व्हेरियन्सने भागा. उत्तर एकच्या वर गेलं तर लाट त्याच गोडाऊनमध्ये वाढतेय. एकच्या खाली आलं तर डिस्ट्रिब्युटरला सोडा आणि हेच दोन रकाने भिवंडीच्या डेपोचे मागा.