जावरची मूस आणि आलेखावरच्या दोन रेषा

[दृश्य: राजस्थान, उदयपूरच्या दक्षिणेकडची जावरची टेकडी. जुन्या भिंतींत विटांच्या जागी रचलेल्या मातीच्या मुशी.]

या भिंती विटांच्या नाहीत. लांबट वांग्याच्या आकाराच्या, एका टोकाला नळी असलेल्या मातीच्या मुशी एकावर एक रचून त्या उभ्या केल्या आहेत. इथे कित्येक शतकं खनिजातून जस्त काढलं जात होतं. एकेक मूस एकदाच वापरायची आणि काम झालं की टाकून द्यायची. टाकलेल्या मुशींचे ढीग एवढे वाढले, की लोकांनी त्यांच्याच भिंती घातल्या.

1980 च्या दशकात इथे झालेल्या उत्खननात जागच्या जागी उरलेल्या भट्ट्या मिळाल्या. एका भट्टीत 36 मुशी. सगळ्यांच्या नळ्या खाली, भोकं पाडलेल्या मातीच्या जाळीतून खालच्या खोलीत उतरलेल्या. वरच्या खोलीत जाळ, खालची खोली त्यामानाने थंड.

लोखंडाच्या, तांब्याच्या भट्टीत धातू वितळून तळाशी साचतो. इथे मात्र मूस उलटी टांगावी लागली. का, ते आलेखावर दिसतं.

[दृश्य: कोरा आलेख. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर मुक्त ऊर्जेतला बदल, ΔG. शून्य वर, ऋण किंमती खाली.]

हॅरॉल्ड एलिंगहॅम यांनी 1944 मध्ये हा आलेख मांडला. प्रत्येक रेषा एकाच प्रकारच्या अभिक्रियेची: एखादा पदार्थ ऑक्सिजनशी संयोग पावतो, तेव्हा मुक्त ऊर्जा किती घटते. रेषा जितकी खाली, तितकी त्या पदार्थाची ऑक्सिजनवरची पकड घट्ट. म्हणून ज्या तापमानाला कार्बनची रेषा धातूच्या रेषेखाली जाते, तिथून पुढे कार्बन त्या धातूचा ऑक्सिजन काढून घेऊ शकतो.

यात एक अट आहे आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. सगळ्या रेषा ऑक्सिजनच्या एका मोलसाठी काढलेल्या हव्यात. कोष्टकात 25 अंश सेल्सिअसला Fe₂O₃ ची निर्मितीची मुक्त ऊर्जा उणे 742 किलोजूल आणि ZnO ची उणे 320 दिलेली असते. हे आकडे तसेच ताडून पाहिले, तर लोखंडाचं ऑक्साइड फोडणं जस्तापेक्षा अवघड वाटेल. पण Fe₂O₃ मध्ये ऑक्सिजनचे दीड मोल आहेत आणि ZnO मध्ये अर्धा. एका मोलवर आणलं की लोखंड उणे 495 आणि जस्त उणे 640. म्हणजे उत्तर उलटं. जस्त ऑक्सिजनला लोखंडापेक्षा घट्ट धरून असतं.

[दृश्य: जस्ताची रेषा डावीकडून उजवीकडे वर चढते. 907 अंशांवर ती अचानक चढी होते.]

आता रेषांचे उतार पाहू. जस्त ऑक्सिजन घेतं, तेव्हा वायू नाहीसा होतो आणि घन पदार्थ तयार होतो. अव्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी, कमी होते आणि रेषा वर चढते. 907 अंश सेल्सिअसला जस्त उकळतं. त्यापुढे ऑक्सिजनबरोबर जस्ताची वाफसुद्धा नाहीशी होऊ लागते, म्हणून तिथून चढ जवळजवळ दुप्पट होतो. आलेखावर असा कोन दिसला, की तिथे काहीतरी वितळलं किंवा उकळलं आहे असं समजावं. हलका कोन वितळण्याचा, ठळक कोन उकळण्याचा.

[दृश्य: दुसरी रेषा. 2C + O₂ → 2CO. ही खाली उतरते.]

कार्बनचं उलटं आहे. ऑक्सिजनचा एक मोल जातो आणि कार्बन मोनॉक्साइडचे दोन मोल निघतात. वायू वाढतो, एन्ट्रॉपी वाढते, रेषा खाली उतरते. एक चढती आणि एक उतरती, म्हणून त्या कुठेतरी एकमेकींना छेदणारच. प्रश्न फक्त कुठे, एवढाच.

[दृश्य: पडद्यावर समीकरणं. T केल्विनमध्ये, ΔG किलोजूलमध्ये.]

907 अंशांच्या वर दोन्ही रेषा अशा लिहिता येतात:

```
2Zn(g) + O2 → 2ZnO    ΔG = -921 + 0.394 T
2C + O2 → 2CO         ΔG = -223 - 0.175 T
```

इथे तापमान केल्विनमध्ये घालायचं. सेल्सिअस घातलं तर तापमान 273 ने चुकतं आणि भट्टीसाठी एवढा फरक फार मोठा आहे.

आधी 800 अंश सेल्सिअस घेऊ. जस्त अजून द्रव आहे, त्याची रेषा उणे 477 वर. कार्बनची उणे 411 वर. कार्बन वर आहे. वजाबाकी करता ΔG अधिक 66 येतो, म्हणजे क्षपण, ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेणं, होणार नाही. आता 1000 अंश. जस्त उणे 419, कार्बन उणे 446. कार्बन खाली गेला, ΔG उणे 27. 1100 अंशांना तो उणे 83 पर्यंत उतरतो. दोन्ही समीकरणं बरोबरीत मांडली तर छेदबिंदू 1227 केल्विन येतो, म्हणजे सुमारे 954 अंश सेल्सिअस.

पण हा आकडा जसाच्या तसा भट्टीवर नेऊ नये. आलेख काढताना प्रत्येक वायूचा दाब एक वातावरण धरलेला असतो. मुशीत दोन वायू आहेत, जस्ताची वाफ आणि CO, आणि ते समप्रमाणात निघतात. एकूण दाब एक वातावरण असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा येतो. हे उत्पादित वायू पातळ झाले, की अभिक्रियेला पुढे जाणं सोपं जातं. अर्ध्या दाबाची दुरुस्ती केली तर तापमान 905 अंशांच्या आसपास उतरतं.

तरीही जावरची भट्टी 1100 अंशांच्या वर चालवावी लागायची. आलेख फक्त दिशा सांगतो, वेग सांगत नाही. शिवाय ही अभिक्रिया उष्णता खाते, ZnO च्या मोलमागे सुमारे 350 किलोजूल. ही सगळी उष्णता मातीच्या भिंतीतून आत जायची असते. बाहेर जेमतेम 950 अंश असतील, तर मुशीच्या मध्यभागी काही घडणारच नाही. थंडावलेली मूस फोडली की कडेला राखाडी, भाजून रिकामा झालेला थर आणि मध्ये न बदललेला गाभा दिसतो.

[दृश्य: मुशीचा उभा छेद. घन कण, त्यांच्यामधून फिरणारा वायू.]

कोळशाचा कण आणि ऑक्साइडचा कण एकमेकांना क्वचितच टेकतात. त्यांच्यामध्ये निरोप्याचं काम CO करतो. तो ऑक्साइडचा ऑक्सिजन घेऊन CO₂ होतो, आणि तापलेला कोळसा त्या CO₂ चा पुन्हा CO करतो.

इथे आलेखावरची तिसरी रेषा कामी येते, 2CO + O₂ → 2CO₂ ची. ती चढती आहे, पण जस्ताच्या रेषेपेक्षा मंद. दोघींची गाठ 1340 अंशांच्या आसपास पडते. म्हणजे 1100 अंशांना, सगळे वायू एक वातावरण दाबाला धरले, तर एकटा CO जस्ताचं ऑक्साइड फोडू शकत नाही. थोडा CO₂ झाला की अभिक्रिया अडते. ती चालू राहते ती कोळसा तो CO₂ लगेच उचलतो म्हणून. 1100 अंशांना पुरेसा कोळसा हाताशी असेल, तर वायूत CO₂ हजारात एक भागही उरत नाही. 900 अंशांना तो शंभरात एक भागाच्या जवळपास असतो. म्हणून कोळसा हिशेबाने लागतो त्यापेक्षा जास्त घालायचा. कोळसा आधी संपला, तर उरलेलं ऑक्साइड तसंच राहतं आणि मुशीतला CO₂ तयार वाफही बिघडवतो.

[दृश्य: आलेखावर बाण उलटा, उजवीकडून डावीकडे.]

वाफ मुशीतून निघून थंड होऊ लागते, तेव्हा आपण त्याच आलेखावर उलटे चालू लागतो. छेदबिंदूच्या डावीकडे जस्ताची रेषा पुन्हा खाली आहे. आता ऑक्सिजन जस्ताकडे जातो. वाफेसोबत CO₂ असेल तर प्रत्येक थेंबावर ऑक्साइडची साय धरते. थेंब एकमेकांत मिसळत नाहीत आणि द्रव जस्ताऐवजी निळसर राखाडी भुकटी हाती लागते. लोखंडाच्या बाबतीत हा धोका इतका तीव्र नाही, कारण लोखंड वायूबरोबर बाहेर जात नाही.

उपाय एकच, वाफ छेदबिंदूच्या पट्ट्यातून झटकन पार करायची. म्हणून नळी खाली. भरताना मिश्रणाच्या मधोमध काडी खोवलेली असायची. मूस उलटी केली तरी माल सांडत नसे, आणि काडी जळून गेली की वाफेला सरळ वाट मिळायची. वाफ त्या वाटेने जाळीखालच्या सुमारे 500 अंशांच्या खोलीत उतरायची. खालची खोली 420 अंशांच्या खाली गेली तर जस्त नळीतच थिजतं आणि वाट बंद होते. 600 च्या वर राहिली तर शंभरात एक-दोन भाग वाफ न थिजता निसटते. नळीच्या तोंडाशी निळी ज्योत असेल तर फक्त CO जळतोय. ज्योत हिरवट पांढरी होऊन पांढरा धूर सुटला, की जस्त बाहेर जळून चाललंय.

[दृश्य: आधुनिक जस्त-शिसे झोतभट्टीचं रेखाचित्र.]

विसाव्या शतकात हेच जस्त झोतभट्टीत काढायला घेतलं, तेव्हा अडचण वाढली. तिथे हवा आत फुंकली जाते, म्हणून वायूत नायट्रोजन भरपूर आणि CO₂ ही ठळक. बाहेर पडणाऱ्या वायूत समजा जस्ताची वाफ 6 टक्के, CO 22 टक्के आणि CO₂ 10 टक्के आहे. तिसऱ्या रेषेला हे दाब लावून दुरुस्ती केली, तर जस्त पुन्हा जळू लागण्याचं तापमान 997 अंश येतं. म्हणून या भट्टीच्या माथ्याशी थोडी हवा सोडून काही CO जाळतात आणि वायू 1000 अंशांच्या वर ठेवतात. थोडा CO₂ वाढला तरी चालतो, तापमान खाली गेलेलं चालत नाही.

तिथून वायू थेट वितळलेल्या शिशाच्या पावसात शिरतो. फिरती पाती शिसं उडवत राहतात आणि वायू काही क्षणांत 550 अंशांच्या खाली येतो. जस्त शिशात विरघळतं. विरघळलेल्या जस्तावर CO₂ चा हात सहज पोचत नाही. मग ते शिसं 450 अंशांपर्यंत निववलं, की त्यात पूर्ण न मावणारं जस्त वर तरंगतं आणि ओतून घेता येतं.

[दृश्य: वरच्या थरातून ओघळणारं चकचकीत जस्त. मग पुन्हा जावरच्या भिंतीतली एक मूस, नळी खाली.]