तिचं दुःख आणि आपला बीप

(यवतमाळला मराठी व्हिडिओ करणाऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? तो पंखा जरा कमी करा कोणीतरी, रेकॉर्डिंगमध्ये हेलिकॉप्टर उतरल्यासारखं वाटतं.

पत्रिकेत माझा विषय छापलाय 'टायटल, पहिले सात सेकंद आणि जाहिराती'. त्यावर बोलणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट सांगतो कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलता येणार नाही. इथे बसलेल्या बऱ्याच जणांनी यूट्यूब स्टुडिओमधला तो पिवळा डॉलर पाहिलेला आहे, हिरवा म्हणजे जाहिराती पूर्ण, पिवळा म्हणजे मर्यादित. किती जणांनी? हात वर करा. बघा, अर्धा हॉल.

तर यंदाच्या फेब्रुवारीत आम्ही एक व्हिडिओ केला. एका शेतकऱ्याने आत्महत्या केली होती, त्याची बायको, दोन मुलं, आणि सरकारी मदतीची फाईल. तुम्हाला सगळ्यांना माहिती आहे की अशा कुटुंबाला 1 लाख मिळतात, पण आधी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, हे सगळं बघतात आणि तिथेच फाईल अडकते. या बाईंच्या घरी जमीन सासऱ्याच्या नावावर. म्हणजे नवरा आयुष्यभर राबला शेतात आणि कागदावर शेतकरी दुसराच. 22 मिनिटांच्या व्हिडिओत बाईंनी एकेक कागद हातात घेऊन सगळं समजावून सांगितलं, मी तर म्हणतो तहसीलच्या माणसाने सांगितलं नसतं इतकं नीट सांगितलं.

आता आमची भीती अशी की टायटलमध्ये 'आत्महत्या' लिहिलं की जाहिराती गेल्या. ही भीती आली कुठून तर एका सल्लागाराकडून. नाव घेत नाही, पण त्याचं वर्कशॉप तुमच्यातल्याही काहींनी केलंय, पैसे भरून केलंय. त्याची एक यादी होती, पीडीएफ, 'हे शब्द कधीच वापरू नका'. मृत्यू, खून, बलात्कार, आत्महत्या, कोरोना, युद्ध सगळं एका रांगेत, आणि त्याच रांगेत शिव्या. उपाय काय तर टायटलमध्ये फुल्या टाका आणि आवाजात बीप मारा. आम्ही तसंच केलं. टायटलला 'आ××हत्या' लिहिलं, आणि बाई जिथे जिथे तो शब्द बोलल्या तिथे बीप टाकला. चौदा वेळा.

व्हिडिओ टाकला आणि बाईंना लिंक पाठवली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. मला वाटलं काहीतरी चुकीचं छापलं गेलं असेल, कोणाचं नाव वगैरे. त्या म्हणाल्या, "भाऊ, ते टीं टीं काऊन वाजते माया बोलन्यात?" मी सांगितलं, ताई असं असं आहे, तो शब्द चालत नाही. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "टीव्हीवर शिवी देल्ली का तसं वाजते. माया नवऱ्याचं मरन शिवी हाये का भाऊ?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही नाही.

त्यात पुढचं ऐका. एवढे बीप मारून, फुल्या टाकून व्हिडिओ पिवळाच झाला! मग मी पहिल्यांदा यूट्यूबचे नियम मुळातून वाचायला बसलो, पीडीएफ नाही, मूळ पान. रात्रभर वाचलं म्हणा ना. आणि लक्षात आलं की बीप, फुल्या, काळी पट्टी हा सगळा प्रकार नियमात शिव्यांच्या कलमाखाली येतो. अपशब्द झाकला तर चालेल, एवढंच त्याचं काम. आत्महत्या, कौटुंबिक हिंसा, लैंगिक अत्याचार हे विषय शिव्यांमध्ये नाहीतच, त्यांचं कलम वेगळं आहे, आणि त्या कलमात मोजतात ते किती सविस्तर आणि किती भडक दाखवलं हे. शब्द झाकून दुःख कमी भडक होत नाही. त्या यादीने दोन वेगळी कलमं एका रांगेत बसवली आणि आम्ही एका बाईच्या तोंडावर हात ठेवला. हे मला आजही बोचतं म्हणून जाईन तिथे सांगतो.

मग पिवळा झाला कशाने? शोधायला फार लांब जायची गरज नव्हती, तीन ठिकाणं होती आणि तिन्ही आमच्या हातची. थंबनेलवर आम्ही नेटवरून उचललेलं झाड आणि दोराचं चित्र लावलं होतं, बाजूला बाईंचा रडतानाचा चेहरा. टायटलचं उरलेलं वाक्य होतं 'बघून झोप उडेल'. आणि सुरुवात! आपण सगळे हुक हुक करतो ना, की पहिल्या काही सेकंदांत माणूस पकडायचा, तर आम्ही मधला तुकडा उचलून पुढे लावला होता, ज्यात दीर सांगतोय की तो कसा गेला, काय घेतलं, कुठे सापडला. म्हणजे ज्या गोष्टीला नियम सर्वात जास्त बिचकतो ती आम्ही दारातच मांडली होती, आणि निरुपद्रवी शब्दावर मात्र बीप. आणि जाहिरातीचं सोडा, 2019 मध्ये प्रेस कौन्सिलने पत्रकारांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या आधाराने हेच सांगितलंय की आत्महत्येची पद्धत वर्णन करू नका, सनसनाटी मथळा देऊ नका. ते पैशासाठी नाही सांगितलं, जीव वाचावेत म्हणून सांगितलंय. म्हणजे आमचा व्हिडिओ दोन्हीकडून चुकीचा होता.

दुरुस्ती सांगतो. सुरुवातीचा तुकडा यूट्यूबच्या एडिटरमध्येच कापला. नवीन फाईल चढवली तर लिंक बदलते, आणि ती लिंक तोपर्यंत गावागावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली होती. थंबनेलवर बाई आणि त्यांच्या हातातली फाईल, बास. टायटल केलं 'शेतकरी आत्महत्या: मदतीची फाईल अपात्र का ठरते?' पूर्ण शब्द, एकही फुली नाही. वर्णनात टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर टाकला. मग माणसाकडून तपासणीची विनंती केली. चौथ्या दिवशी हिरवा झाला.

बीप मात्र त्या व्हिडिओच्या आवाजात कायमचे मिसळले गेले होते, ते निघाले नाहीत. म्हणून बाईंचं बोलणं बीप न लावता पुन्हा वेगळा व्हिडिओ म्हणून टाकलं, आणि लोक आता तोच शोधून बघतात, कारण ज्याच्या घरात हे घडलंय तो सर्चमध्ये 'आत्महत्या मदत कागदपत्रे' असं टाकतो, 'आ××हत्या' कोण टाकणार?

किती वेळ राहिला? दहा मिनिटं? बरं, मग सात सेकंदांचं पटापट सांगतो, पत्रिकेत छापलंय आणि तुम्ही त्यासाठीच आलाय.

हा इतिहास शिव्यांचा आहे, नीट वेगळा ठेवा. नोव्हेंबर 2022 मध्ये यूट्यूबने नियम कडक केला, पहिल्या सात सेकंदांत शिवी आली तर कमाई बंद होऊ शकते, आणि तो जुन्या व्हिडिओंनाही लागला, त्यामुळे जानेवारी 2023 मध्ये गेमिंगवाल्यांनी खूप आरडाओरडा केला. मार्च 2023 मध्ये सैल केला, मधल्या पायरीची शिवी सुरुवातीला चालेल, जोरदार असेल तर मर्यादित जाहिराती. आणि जुलै 2025 पासून जोरदार शिवीसुद्धा पहिल्या सात सेकंदांत आली तरी पूर्ण कमाईला पात्र. सातच सेकंद का? तर टीव्हीवरची जुनी अपेक्षा, साबणाची जाहिरात संपली आणि लगेच कानात शिवी पडली असं नको. आता जाहिरातदार स्वतःच ठरवू शकतात की किती शिव्यांपर्यंत त्यांना चालतं, म्हणून ती अट गेली.

पण दोन गोष्टी गेल्या नाहीत. टायटल आणि थंबनेलवर उघड शिवी अजूनही अडकवते, आणि व्हिडिओभर सतत शिव्या असतील तर तेही. टायटलबाबत मला हे पटतं, कारण व्हिडिओ माणूस निवडून बघतो पण थंबनेल त्याच्या मुलाच्या मोबाईलवर न मागता येतं. नियमातली उदाहरणं इंग्रजी शिव्यांची आहेत, 'च्यायला' कुठल्या पायरीवर हे तिथे लिहिलेलं नाही. माझा अंदाज तो सर्वात हलक्या पायरीवर बसावा, पण टायटलमध्ये मी तरी टाकत नाही. गावाकडचा माणूस मुलाखतीत बोलला तर ठेवतो, कापत नाही.

संवेदनशील विषयांचा बदल तर अगदी ताजा आहे, जानेवारी 2026. आत्महत्या, गर्भपात, घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार यांवर भडक न करता बोललं किंवा नाट्यरूपात दाखवलं तर पूर्ण कमाई मिळू शकते. बालकांवरचे अत्याचार आणि खाण्याचे विकार यांना ही सूट नाही. जुनी पीडीएफ असेल तर फाडून टाका.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. हिरवा झाला म्हणजे पूर्ण पैसे असं नाही! पिवळ्यावर जाहिराती अगदीच शून्य नसतात, पण बहुतेक कंपन्या तिथे येतच नाहीत, आणि प्रीमियमवाल्यांच्या बघण्याचे पैसे पिवळ्यालाही मिळतात. उलट हिरव्यावरसुद्धा जाहिरातदाराला 'शोकांतिका आणि संघर्ष' किंवा 'संवेदनशील सामाजिक प्रश्न' असे गट स्वतःहून वगळायची सोय आहे. मग जाहिरातीच्या जागेच्या लिलावात बोली लावणारे कमी आणि हजार व्ह्यूजमागे मिळणारी रक्कम खाली. आमचा तो व्हिडिओ हिरवा होऊनही आमच्या ठिबक सिंचनाच्या व्हिडिओच्या निम्मंच देतो. हे धरूनच असा व्हिडिओ करायचा की नाही ते ठरवा. मी करणार.

हो हो, दोनच मिनिटं. तपासणीला सात दिवसांपर्यंत लागू शकतात आणि अपील एकदाच, म्हणून आधी दुरुस्ती मग अपील, रागात बटण दाबू नका. आमचे पहिल्या तीन दिवसांत 41 हजार व्ह्यूज झाले आणि नंतरच्या महिन्यात 9 हजार, म्हणजे हिरवा झाला तेव्हा गाडी स्टेशन सोडून गेली होती. यावर उपाय एकच, व्हिडिओ प्रायव्हेट ठेवून चढवायचा, तपासणी पूर्ण होऊ द्यायची, टायटल-थंबनेलसकट, आणि मगच पब्लिक करायचा. चढवताना जी प्रश्नावली येते ती खरी भरा, कारण तुमची उत्तरं आणि त्यांची तपासणी जुळत गेली की पुढे तुमच्या उत्तरावर विश्वास ठेवतात.

चहा आलाय वाटतं. ज्यांचा व्हिडिओ आत्ता या क्षणी पिवळा आहे त्यांनी मोबाईल घेऊन इकडे खिडकीपाशी या, थंबनेल आधी दाखवा, टायटल नंतर बघू.