कोरा कागद शहाना: या आठवड्याच्या पुस्तक-गप्पा

राम राम मंडळी! आठवड्याच्या पुस्तक-गप्पांमध्ये तुमचं स्वागत. जळगावातून बोलतोय. बाहेर ऊन असं आहे की रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आम्ही खिडक्या लावून, पंखाही बंद करून बसलोय, कारण माईकला माणसाच्या आधी पंख्याची घरघर ऐकू येते. समोर आमच्या वहिनी बसल्यात. माहेर असोद्याचं, घरात लेवा बोली. त्यांना मुद्दाम बोलावलंय, ते का हे थोड्या वेळात कळेलच.

या आठवड्याचं पुस्तक सांगितलं की निम्मे लोक म्हणतील, हे तर शाळेतच झालं. ‘बहिणाबाईंची गाणी’. झालं म्हणजे काय झालं हो? संसाराचा तवा झाला, सुगरणीचा खोपा झाला, वढाळ मन झालं. आपल्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचं नाव दिलं, त्यामुळे नाव तर रोज बसच्या पाटीवर वाचतो. पण त्या तीन-चार कवितांच्या पुढे पान उलटणारे किती, हा माझा खवचट प्रश्न आहे. म्हणून आज त्या तिन्ही बाजूला. आज एकच कविता घेणार आहोत, आणि तीही पुस्तकांच्या कार्यक्रमाला शोभेल अशी: ‘छापखाना’.

आधी जरा मागचं सांगतो. बहिणाबाई १८८० च्या, माहेर असोदं, सासर जळगाव. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरोटावर, म्हणजे आपल्या जात्यावर, काम करता करता गाणी सुचायची आणि तिथंच म्हणून व्हायची. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्याने आणि त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तशी ती टिपून ठेवली. जी टिपली गेली नाहीत ती गेली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई वारल्या. नंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी त्यांना बावनकशी सोनं म्हटलं, प्रस्तावना लिहिली आणि १९५२ साली पुस्तक आलं. म्हणजे आपल्या हातात जे आहे ते कानाने ऐकून कागदावर उतरवलेलं आहे. डोळ्यांनी वाचायला लागलो की काहीतरी हुकतं, ते इथून.

आता कविता. जळगावात नानाजीचा छापखाना होता, तिथलं यंत्र बाईंनी पाहिलं. पाहिलं म्हणण्यापेक्षा ऐकलं म्हणू या, कारण पहिल्याच कडव्यात त्या आवाजच देतात:

मंमई बाजारावाटे
चाले धडाड दन्नाना
असा जयगावामधी
नानाजीचा छापखाना

मंडळी, आता एक करा. प्रत्येक ओळीतली अक्षरं बोटांवर मोजा. मं-म-ई-बा-जा-रा-वा-टे, आठ. चा-ले-ध-डा-ड-द-न्ना-ना, आठ. खालच्या दोन्हीही आठ. जोडाक्षर एकच धरायचं. ही ओवी आहे, आणि जात्याच्या फेऱ्याला आठाचा ठेका बरोबर बसतो. गंमत अशी की इथे तोच ठेका यंत्राला बसवलाय. दळताना जो लागतो तोच छापखान्याच्या दणदणाटाला.

आपण शहरी मराठीत वाचायला गेलो की हा ठेका कुठे तुटतो तेही बघा. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ खाऊन टाकतो. ‘कागद’ लिहितो तीन अक्षरी, बोलतो ‘कागद्’. ओवी म्हणताना तो ‘द’ पुरा म्हणायचा, नाहीतर ओळ लंगडते. दुसरी सवय म्हणजे सुधारून वाचणं. ‘जयगाव’ दिसलं की जीभ आपोआप ‘जळगाव’ म्हणते. अक्षरं तेवढीच राहतात, ठेका तुटत नाही, पण ज्या तोंडातून गाणं आलं ते तोंड बदलतं. लेव्यांच्या बोलीत ‘ळ’ चा ‘य’ होतो, डोळा नाही, ‘डोया’. तुमच्या प्रतीत एखादं अक्षर वेगळं छापलेलं असलं तर बिचकू नका, मोठ्याने म्हणून बघा आणि ठेक्याला विचारा.

मधल्या भागात बाई यंत्राकडे टक लावून बघतात. ठसे कागदावर कसे उमटतात, काहीतरी तंत्र आहे म्हणतात. घुमणाऱ्या यंत्राला मंत्र टाकून घुमणाऱ्या भगताची उपमा देतात. अंगात आलेला भगत ज्याने गावात पाहिलाय त्याला वेगळं समजावून सांगायला नको. इथवर वाटतं, चला, नवलाईची कविता आहे. आणि मग हे येतं:

मानसापरी मानूस
राहतो रे येडजाना
अरे होतो छापीसनी
कोरा कागद शहाना

माझ्या मते हे कडवं लोक चुकीचं वापरतात. वाचनाचा महिमा सांगायला भिंतीवर लावायचं म्हणून उचलतात. पण यात वाचनाचं कौतुक कुठाय? कोरा कागद एकदा दाबला, ठसा बसला, झाला शहाणा. माणूस मात्र माणूस असूनही येडाच राहतो. आपल्यावर आयुष्यभर किती छाप पडतात, आई-बापाचे, मास्तरांचे, पावसाच्या आणि बाजारभावाच्या दणक्यांचे, तरी तो येडजाना. ‘अरे’ आणि ‘रे’ ही हाक कोणाला आहे? मला वाटतं, ती थट्टेची हाक आपल्यालाच आहे. आणि ही थट्टा करतंय कोण, तर जिला त्या शहाण्या कागदावरचं अक्षरही लागत नव्हतं अशी बाई. कागदाबद्दल तिच्या मनात आदर आहे, थोडी भीडही आहे, पण तिने तराजूत शहाणपण वेगळंच ठेवलंय.

वहिनींचं मत माझ्याविरुद्ध आहे, ते सांगून टाकतो. त्या म्हणतात, “भाऊ, तुम्ही टोचणी शोधताय, तिथं नुसतं नवल आहे. आपल्याला लिहिता येत नाही याचं थोडं वाईट वाटणं आहे.” तर यावरच आज भांडायचंय. तुमच्या घरात लेवा किंवा अहिराणी बोलणारी आजी असेल तर तिच्याकडून हे कडवं एकदा म्हणवून घ्या आणि ‘येडजाना’ म्हणताना ती हसते की उसासा टाकते ते आम्हाला कळवा. मला त्याचं उत्तर खरोखर हवंय.

पुढच्या आठवड्याचं पुस्तक शेवटी सांगू, आत्ताच सांगितलं तर तुम्ही तिकडेच पळाल. तर वहिनी, पूर्ण ‘छापखाना’ तुम्ही म्हणा. जयगाव जयगावच राहू द्या, ‘कागद’चा ‘द’ सोडू नका. मी टेबलावर ठेका धरतो. हं, घ्या.