ऐरणीपाशी बसलेला देव

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या आठवडी बाजारात, गुरांच्या बाजाराला लागून, पावसाळ्याच्या तोंडावर घिसाड्यांची दोन-तीन पालं पडायची. गावातले लोक विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ शेवटून घ्यायला तिथं रांग लावायचे. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा, भाता ओढायला एखादं पोर. म्हातारा सांडशीत लोखंड धरून ऐरणीवर फिरवायचा आणि घण घालायची त्याची सून. दोघांत बोलणं नाही. म्हाताऱ्यानं हातोडीनं ऐरणीवर नुसतं टक् केलं, की ती थांबायची.

पाणी द्यायची वेळ आली की मात्र म्हातारा लोखंड उन्हातून पालाच्या सावलीत न्यायचा. तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात कळत नाही. गुंजेसारखा लाल दिसला, की चर्रकन पाण्यात. रंग त्याच्या पुढं गेला तर पातं कडक होतं खरं, पण काचेसारखं तडकतं. अलीकडे राहिला तर मऊ राहतं, दुसऱ्याच दिवशी धार जाते. या दोन रंगांमधली जागा ओळखणं म्हणजे लोहारकी. तलवारीचं पाणी, पाणीदार माणूस, एखाद्याचं पाणी जोखणं, असं आपण येता-जाता बोलतो. त्या बोलण्याला हा चर्र आवाज चिकटलेला आहे.

आज त्या म्हाताऱ्याच्या जातकुळीतल्या देवांबद्दल बोलायचंय. वीरांना शस्त्रं घडवून देणारे देव. आधी आपल्याकडचा, त्वष्टा.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं बत्तिसावं सूक्त इंद्राच्या पराक्रमाचं आहे. वृत्रानं पाणी अडवलं होतं, इंद्रानं त्याला मारून ते मोकळं केलं. त्यात दुसऱ्याच ऋचेत एक छोटं वाक्य येतं, ‘त्वष्टास्मै वज्रं स्वर्यं ततक्ष’. त्वष्ट्यानं याच्यासाठी गर्जणारं वज्र घडवलं. बस, एवढंच. पुढचं सगळं सूक्त इंद्राचं. शस्त्र घडवणाऱ्याच्या वाट्याला चार शब्द, चालवणाऱ्याच्या वाट्याला पंधरा ऋचा. हे प्रमाण पुढं जगभर टिकलेलं दिसतं.

दधीचींच्या हाडांची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते. त्वष्ट्याची गोष्ट तेवढी कुणी सांगत नाही, आणि मला ती जास्त बोचते. त्वष्ट्याला एक मुलगा होता, विश्वरूप, तीन डोक्यांचा. महाभारताच्या उद्योगपर्वात येतं, की त्याच्या तपाला घाबरून इंद्रानं त्याच्यावर वज्र टाकलं. मेला तरी त्याचं तेज इतकं, की इंद्राला जवळ जायचा धीर होईना. तिथं एक सुतार होता, खांद्यावर कुऱ्हाड. इंद्र त्याला म्हणाला, याची डोकी तोड. सुतार आधी तयार होईना. तू कोण आणि हे पाप कसलं, असं त्यानं विचारलं. शेवटी यज्ञातल्या पशूच्या डोक्याचा वाटा कबूल झाल्यावर त्यानं घाव घातले. म्हणजे कारागिराचा मुलगा, कारागिराच्या शस्त्रानं पडला आणि त्याची डोकी उतरवली दुसऱ्या एका कारागिरानं.

मग त्वष्टा चिडला. त्यानं अग्नीत आहुती टाकली आणि वृत्र उभा केला. तैत्तिरीय संहितेत तो म्हणतो, ‘इन्द्रशत्रुर्वर्धस्व’. त्याला म्हणायचं होतं, इंद्राला मारणाऱ्या, वाढ. पण स्वर चुकला, आघात भलत्या जागी पडला, आणि अर्थ झाला, ज्याला इंद्र मारणार आहे असा तू, वाढ. व्याकरण शिकवणारे गुरुजी उच्चाराचं महत्त्व पटवायला हे उदाहरण आजही देतात. मला त्यात लोहारकी दिसते. रंग एवढासा चुकला आणि सगळं पातं गेलं. आग तीच, माल तोच, हातही तोच.

आणि त्याच संहितेत पुढं गोष्ट अशी वळते: वृत्र इतका वाढू लागला, की इंद्र घाबरलाच, पण स्वतः त्वष्टाही घाबरला. ज्याच्या आहुतीतून ते उभं राहिलं, त्याचीच छाती दडपली. आणि ते मारायचं वज्रही इंद्राला दिलं ते त्वष्ट्यानंच. वरच्या ऋचेचा काळ वेगळा, ही कथा नंतरची, हे मला माहीत आहे. पण सांगणाऱ्या पिढ्यांना एकाच भट्टीतून वृत्रही काढावासा वाटला आणि वज्रही, हे लक्षात घ्या.

आता ग्रीसकडं जाऊ. तिथला लोहारदेव हिफेस्टस. ग्रीक कवी होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या अठराव्या सर्गात आपण थेट त्याच्या कामाच्या जागी जातो, आणि हे वर्णन इतकं जवळून केलेलं आहे, की घामाचा वास यावा.

प्रसंग असा. ट्रॉयच्या युद्धात ग्रीकांचा सगळ्यात मोठा वीर अकिलीस रुसून बसलाय. त्याचं चिलखत घालून त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस लढायला गेला आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या हातून मारला गेला. चिलखत हेक्टरनं काढून घेतलं आणि स्वतःच्या अंगावर चढवलं. आता अकिलीसला सूड घ्यायचाय, पण अंगावर घालायला काही नाही. म्हणून त्याची आई, समुद्रदेवता थेटिस, हिफेस्टसकडं येते.

तो कामात आहे. एकदम वीस तिवया करायला घेतल्यात. त्यांना खाली सोन्याची चाकं, म्हणजे देवांच्या सभेला त्या आपणहून चालत जातील आणि आपणहून परत येतील. कान बसवायचे राहिलेत. त्यासाठी तो रिव्हेट ठोकतोय. पाहुणी आल्याचं कळल्यावर तो भाते बाजूला घेतो, हत्यारं चांदीच्या पेटीत ठेवतो, स्पंजानं तोंड, दोन्ही हात, जाड मान आणि केसाळ छाती पुसतो, अंगरखा घालतो आणि जाड काठी घेऊन लंगडत बाहेर येतो. वर दणकट धड आणि खाली बारीक पाय. देवांच्या त्या देखण्या घरात हा एकटाच असा.

लंगडा का? होमरकडं दोन उत्तरं आहेत. एकदा म्हणतो, देवांचा राजा झ्यूस यानं पाय धरून आकाशातून फेकलं. दिवसभर पडत होता, सूर्य मावळताना लेम्नोस बेटावर आदळला. दुसरीकडं म्हणतो, लंगडा म्हणून आईनंच टाकून दिला. काही अभ्यासकांचा तर्क असा, की जुन्या काळी तांब्यात कथलाऐवजी आर्सेनिक मिसळलं जायचं, त्या धुरानं लोहारांच्या हातापायांच्या नसा निकामी होत, त्याची ही आठवण. असेलही. मला दुसरं काही दिसतं. ज्याच्यावाचून कुणाचंच अडल्याशिवाय राहत नाही, त्याला बसवायचं मात्र कडेला. आमच्या बाजारातली पालंही गावाच्या आत कधी पडली नाहीत.

आईनं टाकला तेव्हा त्याला झेललं ते या थेटिसनं. समुद्राखालच्या गुहेत तो नऊ वर्षं होता, तिथंच बसून पिना, बांगड्या, हार घडवायचा. त्यामुळं आता तो जे घडवणार आहे, ते वीरासाठी नाही, त्या वीराच्या आईसाठी आहे. उपकार फेडायचेत. आणि तो तिला सरळ सांगतो: वेळ येईल तेव्हा तुझ्या मुलाला मरणापासून लपवता आलं असतं तर बरं झालं असतं, चिलखत मात्र असं देतो, की बघणारा थक्क होईल. लोहारानं आपली हद्द इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितलेली मी दुसरीकडं वाचलेली नाही.

मग वीस भाते एकदम मुशींवर फुंकू लागतात, कधी जोरात, कधी हलके, त्याला हवं तसं. आगीत कांसं, कथील, सोनं, चांदी. एका हातात घण, दुसऱ्यात सांडस. हे काम कांशाचं, आमच्या म्हाताऱ्यासारखं पाणी देऊन कडक करायचं नव्हे. कांसं ठोकून ठोकून कडक होतं, आणि मधूनमधून पुन्हा तापवलं नाही तर चिरतं. ढालीला पाच थर: दोन कांशाचे, दोन कथलाचे, एक सोन्याचा. पुढं लढाईत ट्रॉयच्या बाजूच्या एनियासचा भाला दोन थर फोडतो आणि सोन्यात अडकतो. सोन्यानं भाला अडला हे कुठल्याही लोहाराला सांगून बघा, तो हसेल. पण देवाची ढाल आहे, सोडून देऊ.

खरी गोष्ट ढालीवर काय कोरलं ही आहे. माणसाला मारायला निघालेल्याच्या ढालीवर तुम्ही काय काढाल? वाघ, साप, राक्षस. हिफेस्टसनं पृथ्वी, आकाश, चंद्र, सूर्य काढले. एक गाव काढलं, त्यात लग्नाची वरात आणि दारात उभ्या राहून बघणाऱ्या बायका. चौकात चाललेला न्यायनिवाडा. दुसऱ्या गावाला मात्र वेढा पडलेला, युद्ध त्यानं गाळलं नाही. मग नांगरट: नांगऱ्या तासाच्या टोकाला पोचला की एक माणूस त्याच्या हातात दारूचा पेला देतो, आणि मागं वळलेली जमीन काळी दिसते, सोन्याची असून. मग कापणी, द्राक्षमळा, गुरं, नाचणारी पोरं. कडेनं सगळीकडून सागर.

अकिलीसला दोन आयुष्यं निवडायला होती: घरी परतून लांब, किंवा इथंच लहान आणि कीर्तीचं. त्यानं लहान निवडलं. जे लांबचं आयुष्य त्यानं सोडलं, ते लोहारानं त्याच्या डाव्या हातात बांधून दिलं. भट्टी कशाचं प्रतीक, असं मला कुणी विचारलं तर मी हा प्रसंग सांगतो. लोक म्हणतात गर्भाचं, शुद्धीचं, तपाचं. ते असेल. इथं ती अशी जागा आहे, जिथं घडवणाऱ्याला दिसतं, आणि घेऊन जाणाऱ्याला दिसत नाही. सकाळी थेटिस ते सगळं मुलापुढं ठेवते, धातू खणखणतो, सोबतचे सैनिक भीतीनं नजर वळवतात. अकिलीसचे डोळे पेटतात, त्याला बघून आनंद होतो. नांगऱ्याचा पेला त्यानं पाहिला की नाही, होमर सांगत नाही.

शेवटी तो आणि हेक्टर समोरासमोर येतात. हेक्टरच्या अंगावर पॅट्रोक्लसकडून काढलेलं ते जुनं चिलखत आहे. तेही देवांनीच दिलेलं होतं, अकिलीसच्या बापाला. अकिलीस भाला पेलून त्याच्याकडं बघतो, कुठं जागा आहे का शोधतो. सगळं अंग झाकलेलं. फक्त गळ्याशी, जिथं मानेखाली हाडं दोन्ही खांद्यांकडं फाकतात, तिथं थोडं उघडं. त्यानं ते चिलखत स्वतः इतकी वर्षं घातलेलं होतं.

नमस्कार.