खुर्चीची सावली कुठे पडेल?

हा फोटो संध्याकाळचा. रिकामं अंगण, दोन खांब, आणि त्यांच्या लांब सावल्या आपल्या दिशेने आलेल्या. इथे एक पांढरी खुर्ची ठेवायची आहे. खुर्चीचा फोटो मुद्दाम ढगाळ दिवशी काढलाय. तिच्यावर ठळक सावली नाही, म्हणजे पुसायचं काही नाही. समोरून फ्लॅश मारलेली खुर्ची इथे कामाचीच नव्हती.

सावली काढताना बरेच जण खांबाच्या सावलीला समांतर रेघ मारतात आणि तिथेच फसतात. सावल्या जमिनीवर समांतर असतात, फोटोत मात्र त्या रुळांसारख्या एका बिंदूकडे जातात. दोन्ही सावल्या मागे वाढवल्या, की त्या क्षितिजावर भेटतात. सूर्य बरोबर या बिंदूच्या वर असतो. किती वर? सावलीच्या टोकापासून खांबाच्या टोकावरून रेघ वर न्या. दोन्ही खांबांच्या अशा रेघा जिथे कापतात, तिथे सूर्य. आपला सूर्य चौकटीच्या बाहेर, डावीकडे निघाला. कॅनव्हास वाढवून घ्यावा लागला.

आता खुर्ची. तिचा मागचा पाय सरळ वर पाठीपर्यंत जातो, ते सोयीचं झालं. क्षितिजावरच्या बिंदूपासून पायाच्या तळातून एक रेघ, सूर्यापासून पाठीच्या कोपऱ्यातून दुसरी. जिथे कापतील, तिथे कोपऱ्याची सावली.

आणि तिचा रंग? काळा नक्कीच नाही. सावलीत सूर्य पोचत नाही, पण आकाशाचा निळसर उजेड पोचतो. उन्हातली फरशी मोजली: लाल 200, हिरवा 170, निळा 140. तीच फरशी खांबाच्या सावलीत: 80, 84, 91. डोळ्याला ही सावली राखाडी वाटते, पण आकडे बघा. लाल निम्म्याहून खाली आला, निळा मात्र जवळजवळ दोन तृतीयांश टिकला. सावलीचा आकडा उन्हाच्या आकड्याने भागायचा आणि 255 ने गुणायचं. येतात 102, 126, 166. हा रंग भरून लेयर Multiply वर ठेवला, की फरशी खांबाच्या सावलीइतकीच काळवंडते.

सूर्य समोर असल्यामुळे खुर्चीची आपल्याकडची बाजूही सावलीतच. तिलाही निळसर छटा हवी, आणि डावीकडच्या कडेला उन्हाची बारीक पिवळी रेघ. पायाशी सावलीची कड धारदार ठेवायची. पाठीच्या सावलीची थोडी मऊ, कारण सूर्य ठिपका नाही, आकाशात अर्धा अंश रुंद आहे.

शेवटी Channels मध्ये जाऊन फक्त निळा चॅनल पाहिला. आधीच्या प्रयत्नात सावली काळ्या रंगाने भरली होती. रंगीत फोटोत ती खपून गेली होती, पण निळ्या चॅनलमध्ये खांबाच्या सावलीपेक्षा कितीतरी गडद, भोक पडल्यासारखी दिसत होती. आता दोन्ही सावल्या सारख्याच दिसतात.